रिकाम्या जागेचं वर्णन

केंद्राच्या संगणकावर फोटो येण्याआधी त्याची जागा येते. करड्या रेघेची एक बारीक चौकट उमटते, तिच्यात छोटं वर्तुळ फिरत राहतं, आणि मग फोटो वरून खाली भरत जातो. फोटो अर्ध्यात अडकला, बिघडला किंवा पाठवणाऱ्याने मागे घेतला, तरी चौकट जात नाही. या संदेशाखाली चौकट नव्हती. "हे बघा" एवढे दोन शब्द होते आणि त्यांच्याखाली पडद्याचा पांढरा रंग सलग होता, कुठेही न डागाळलेला.

त्या पांढऱ्या जागेखाली मामांचं उत्तर होतं.

"पाहिली. टोपी फिकट, मधोमध किंचित तपकिरी झाक, काठ आत वळलेला. टोपीखालचे पापुद्रे गुलाबीकडे झुकणारे. देठाला पातळ झालर. माळावर गवतात उगवते ती नेहमीची अळंबी. घाबरण्यासारखं काही नाही."

आणि त्याखाली पाठवणाऱ्याचा शेवटचा संदेश, "धन्यवाद, सर."

भाचीने खुर्ची थोडी मागे घेतली आणि पुन्हा वरपासून वाचलं. आधी काही संभाषण होतं का, म्हणून तिने पडदा वर सरकवून पाहिला. काही नव्हतं. हा नंबर आज पहिल्यांदाच आला होता. नाव नाही, गाव नाही, कोण आहे ते नाही. दोन शब्द, आणि न आलेल्या फोटोचं इतकं बारीक वर्णन.

ती विषमाहिती केंद्रात काम करत होती. केंद्र म्हणजे इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत फोन, संगणक आणि औषधांची जाड पुस्तकं. आतल्या खोलीत मामा. कुणी फिनेल प्यालं, कुणी गोळ्या जास्त घेतल्या, मुलाने कुंडीतलं पान चावलं, की लोक इथे विचारत. औषधांचं आणि रसायनांचं भाची बघे, कारण ती त्याच विषयात शिकली होती. झाडं, बिया आणि अळंब्या मामांकडे जात. मामा तिच्या आईचे थोरले भाऊ. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि केंद्राने त्यांना बोलावून घेतलं. गळ्यात दोरीला अडकवलेलं छोटं भिंग कायम असल्यामुळे सगळे त्यांना भिंगसर म्हणत. घरी ती त्यांना मामा म्हणे, इथे सर. हा नियम तिनेच घातला होता आणि पहिल्या दिवसापासून पाळला होता.

तिने तो नंबर लावला. ज्या व्यक्तीशी संपर्क साधायचा आहे ती क्षेत्राबाहेर आहे, असं एका यंत्राने तिला नम्रपणे सांगितलं. तिने पुन्हा लावला. यंत्र तितकंच नम्र होतं.

शेजारच्या टेबलावर फोन सांभाळणाऱ्या मावशी विणकामाची सुई कानामागे खोचून रजिस्टरचा कागद उलटत होत्या. भाचीने त्यांना सहज वाटेल अशा आवाजात विचारलं, दुपारी एक "हे बघा" आलं होतं, त्याचा फोटो त्यांनी पाहिला का.

"पाहिला की," मावशी म्हणाल्या. "ताटात ठेवलेली होती. पांढरी पांढरी."

"नक्की?"

मावशींनी कानामागची सुई काढून हातात घेतली.

"का ती कालची होती?" त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, वेगळ्याच स्वरात, "बाई, मला आत्ता डोळ्यासमोर दिसतंय ते ताट. पण कधी पाहिलं ते सांगता येत नाहीये."

भाचीने पडदा त्यांच्याकडे वळवला. मावशी चष्मा वर-खाली करून बघत राहिल्या. त्या एरवी फोनवर घाबरलेल्या माणसालाही हसवत. सरांबद्दल त्यांचा ठरलेला विनोद होता की भिंगसर लिफाफा न उघडता पत्र वाचतात. तो त्या आज बोलल्या नाहीत.

भाची स्वतःही बघत राहिली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की पांढऱ्या जागेत तिलाही काहीतरी दिसू लागलं आहे. टोपी, फिकट, मधोमध तपकिरी झाक. मामांचे शब्द वाचल्यामुळे. तिने डोळे मिटले आणि उघडले. जागा पुन्हा कोरी झाली, पण आधीइतकी नाही.

ती उत्तर लिहायला बसली. पहिलं वाक्य तिने लिहिलं, "ती अळंबी खाऊ नका," आणि लगेच खोडलं. अळंबी आहे हे कोण म्हणालं? मामा. पाठवणाऱ्याने फक्त "हे" म्हटलं होतं. "हे" म्हणजे अळंबी असेल, नाहीतर बिया, औषधाची रिकामी पट्टी, मुलाच्या ओठांचा निळा पडलेला रंग, काहीही. पावसाचे दिवस आहेत आणि या दिवसांत अळंब्यांचेच फोटो येतात, हे खरं होतं. पण ते इतर लोकांच्या फोटोंबद्दल खरं होतं. विषारी आहे असं लिहून भीती घालावी, म्हणजे निदान कुणी खाणार नाही, हाही विचार तिच्या मनात आला. तोही अंदाजच होता. फक्त उलट्या बाजूचा. आणि कुणी आधीच काही घेतलं असेल, तर चुकीच्या विषावर चुकीची धावपळ झाली असती.

शेवटी तिने लिहिलं:

"मी विषमाहिती केंद्रातून लिहिते आहे. तुमचे 'हे बघा' एवढे दोन शब्द आमच्याकडे आले. त्यांच्यासोबत फोटो आलेला नाही. तुमच्या फोनवर तो गेलेला दिसत असेल, पण इथे पोचलेला नाही. म्हणजे तुम्ही काय दाखवत आहात ते आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नाही. आधी आलेलं उत्तर कृपया धरू नका. कुणी ते खाल्लं, प्यायलं किंवा हाताळलं आहे का, हे आधी कळवा. तसं असेल तर आमच्या उत्तरासाठी थांबू नका, दवाखान्यात जा. नसेल तर ते बाजूला ठेवा, वापरू नका, फेकूही नका. ते काय आहे हे तुमच्या शब्दांत लिहा, आणि जिथे फोनला रेंज आहे तिथून फोटो पुन्हा पाठवा."

तिने ते एकदा वाचलं. यात तिला माहीत नसलेलं एकही वाक्य नव्हतं. तिने पाठवलं. शेजारी एक खूण उमटली, म्हणजे इथून गेलं. दुसरी उमटायची होती.

शब्द हलके असतात आणि फोटो जड. हे तिला माहीत होतं. रेंज जेमतेम असली की शब्द सुटतात आणि फोटो मागे अडकतो. पाठवणाऱ्याला मात्र आपल्या पडद्यावर दोन्ही एकाखाली एक दिसत राहतात. त्याला वाटतं, आपण दाखवलं. म्हणजे या क्षणी कुठेतरी कुणाच्या तरी हातातल्या फोनवर ते चित्र होतं, त्याखाली मामांचं उत्तर होतं, आणि ती दोन्ही एकमेकांना शोभून दिसत होती.

ती उठली आणि आतल्या खोलीच्या दाराशी गेली.

मामा खिडकीकडे पाठ करून बसले होते. त्यांच्या पडद्यावरची अक्षरं इतकी मोठी केलेली होती की एका ओळीत चार-पाच शब्द मावत. वय झालं की करतात लोक, असं तिने गेल्या पावसाळ्यात स्वतःला सांगितलं होतं. मग हिवाळ्यात तिने पाहिलं, की मामा चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवतात. समोरच्याशी बोलताना मान किंचित वळवतात, जणू त्याच्या कानामागे कुणी उभं आहे. व्हरांड्यात ती गप्प उभी राहिली तर ते तिच्या बाजूने निघून जातात. तेव्हापासून घरी जाण्याआधी ती त्यांची सगळी उत्तरं गुपचूप तपासत असे. बहुतेक बरोबर असत. लोक फोटोबरोबर लिहीत, कुठे उगवली, वास कसा, कापल्यावर रंग बदलला का. मामा फोन करून आणखी विचारत. आणि मामांना विचारायचं काय ते माहीत होतं. कुठे काही निसटलं असेल तर ती मागाहून "पूरक सूचना" म्हणून एक ओळ जोडत असे. संचालकांना सांगायला हवं, हे ती दर सोमवारी ठरवत असे.

मामींनी तर तिला स्वयंपाकघरात, भांडी घासता घासता, नळाचा आवाज मोठा करून सांगितलं होतं. यांना भिंतीवर जाळी दिसते म्हणतात. विणलेली. कधी पडद्यावर पानं, एकेक शीर दिसेल अशी. भुताखेताचं नाही गं, ते स्वतःच हसतात, म्हणतात बघ आज किती नाजूक विणलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, नजरेचा मधला भाग गेलाय, कडा शिल्लक आहे. मधे जे येत नाही ते डोकं आपलं आपण भरतं. तुला सांगू नको म्हणाले होते. मी सांगितलं नाही, हं.

"सर," ती दारातून म्हणाली.

"ये. पावलं आज जड आहेत तुझी."

"दुपारी ते 'हे बघा' आलं होतं. त्याचा फोटो तुम्ही पाहिलात?"

"पाहिला की. चांगला काढलाय बाईने."

संदेशात बाई असल्याचं कुठेही नव्हतं. भाचीने दाराची चौकट धरली.

"बाई कशावरून?"

"हातात धरून काढलाय ना. अंगठ्याचं नख दिसतं. लाल रंग, कडेला उडालेला." ते हसले. "विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगायचो, फोटोत आधी अळंबी बघू नका, आधी हात बघा. हातावरून माप कळतं."

"आणि फोटो कुठे होता?"

"कुठे म्हणजे? शब्दांच्या खाली. कुठे असणार?"

ते इतक्या सहज बोलले, की क्षणभर तिला वाटलं, चूक आपलीच असेल. आपण उघडायच्या आधी काहीतरी पुसलं गेलं असेल. पण पुसलं गेलं असतं तर चौकट राहिली असती.

बाहेर संगणक वाजला.

ती धावत आली नव्हती, तरी मावशी उठून उभ्या राहिल्या. पडद्यावर आता दुसरी खूण होती, आणि खाली उत्तर होतं.

"फोटो पाठवला आहे. सरांनी पाहिला आहे. अगदी बरोबर सांगितलं त्यांनी, झालरीसकट. मुलींच्या जेवणाला तिची भाजी केली आहे. मी वसतिगृहाची मेट्रन."

मावशींनी खुर्चीची पाठ घट्ट पकडली. "झालरीसकट," त्या हळूच म्हणाल्या. "मग सरांना खरंच...?"

"नाही," भाची म्हणाली. झालर बऱ्याच अळंब्यांना असते, साध्या आणि जीवघेण्याही. ते तिने मावशींना सांगितलं आणि त्याच वेळी स्वतःलाही. तोवर तिची बोटं लिहीत होती: "सरांनी फोटो पाहिलेला नाही, तो इथे आलेलाच नाही. कुणालाही वाढू नका. शिजल्याने काही अळंब्यांचं विष जात नाही. गच्चीवर किंवा बाहेर रस्त्यावर जाऊन फोटो पाठवा आणि मला फोन करा."

मग काहीच झालं नाही. व्हरांड्यातून कुणीतरी औषधांची ट्रॉली ढकलत गेलं. तिचं एक चाक कुरकुरत होतं आणि ते लांबपर्यंत ऐकू येत राहिलं. बाहेर उजेड होता. वसतिगृहातल्या मुली वर्ग सुटून परतत असतील, भूक लागलेली असेल. भाचीला पडद्यावरून नजर काढवत नव्हती. ती त्या पांढऱ्या जागेकडे बघत होती आणि तिला लहानपणचा एक कागद आठवत होता.

मामांनी तिला तो आखून दिला होता. डावीकडे फुली, उजवीकडे टिंब. डावा डोळा झाक, उजव्याने फुलीकडे बघ, आणि कागद हळूहळू जवळ आण. एका जागी टिंब नाहीसं झालं होतं. ती किंचाळलीच होती. मामा म्हणाले होते, टिंब गेलं यात नवल नाही. डोळ्याच्या पडद्यावर एक जागा अशी आहे की तिथे दिसतच नाही, जिथून नस बाहेर पडते. नवल पुढे आहे. टिंबाच्या जागी तुला काय दिसतंय? भोक? ती म्हणाली होती, नाही, कागद. कोरा कागद दिसतोय. मामांनी तिच्या डोक्यावर टपली मारली होती. "तो कागद तू पाहिलेला नाहीस. डोळा खोटं बोलत नाही गं. डोकं गप्प बसत नाही."

करडी चौकट उमटली.

मावशी आणि ती, दोघींनी एकाच वेळी श्वास रोखला. वर्तुळ फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. फोटो वरून खाली भरत गेला. आधी ओट्याची फरशी, मग स्टीलच्या परातीचा काठ, मग परातीत पसरलेल्या टोप्या. फिकट. मधोमध किंचित तपकिरी झाक.

"देवा," मावशी म्हणाल्या.

भाचीने फोटो मोठा केला. टोप्या होत्या, पण सगळ्या पालथ्या, वरूनच घेतलेल्या. देठ कापून टाकलेले. खालचा रंग दिसत नव्हता, बुडखा दिसत नव्हता. जे पाहून ठरवायचं, तेच नेमकं यात नव्हतं. फोटो आला होता, आणि अजूनही तिला काही माहीत नव्हतं. ती तसंच लिहायला गेली, तेवढ्यात फोन वाजला.

मेट्रनबाईंना धाप लागली होती. गच्चीवर आल्ये, त्या म्हणाल्या, चार जिने. तुम्ही सांगितलं म्हणून वाढायचं थांबवलंय, पण मुली खाली ताटं वाजवतायत. काय झालंय ते एकदा सांगाल का नीट?

भाचीने नीट सांगितलं. फोटो आत्ता आला, आधी आला नव्हता. या फोटोवरून ठरवता येत नाही. एखादी टोपी उलटी करून बघा, खालचे पापुद्रे कोणत्या रंगाचे आहेत?

"गुलाबी," मेट्रनबाई लगेच म्हणाल्या. "सरांनी म्हटलं तसेच."

"सरांनी म्हटलं ते सोडा. आत्ता टोपी हातात आहे का तुमच्या?"

"नाही, उरलेल्या टोप्यांची परात खाली आहे. पण मी पाहिलेत ना मघाशी."

भाचीने त्यांना कुणाकरवी तरी परात गच्चीवर मागवायला सांगितली. आणि कापलेले देठ फेकले असतील, तर ते केराच्या टोपलीतून, बुडख्यासकट. एक टोपी उलटी, शेजारी देठ, उजेडात, आणि शेजारी एखादा चमचा म्हणजे माप कळेल. फोन ठेवू नका. फोनमधून गच्चीवरचा वारा ऐकू येत होता, मग पावलं, मग कुणीतरी मुलगी काहीतरी विचारत असलेली आणि मेट्रनबाई तिला दटावत असलेल्या. मग बराच वेळ फक्त वारा.

"बाई," मेट्रनबाई म्हणाल्या. आवाज अगदी जवळून आला. "हे पांढरे आहेत."

"पापुद्रे?"

"स्वच्छ पांढरे. दुधासारखे. मी... स्वयंपाकीणबाईंनी पण पाहिले होते. मी तिला सरांचं उत्तर वाचून दाखवलं, गुलाबी लिहिलंय म्हटलं, आणि आम्ही दोघींनी टोपी उलटी करून बघितली. सरांनी गुलाबी म्हटलं, मग आम्हालाही गुलाबी दिसले."

चौकट उमटली. या वेळी फोटो झरझर भरला. उलटी टोपी, पांढरे पापुद्रे, चमचा. देठाला झालर. आणि देठाच्या बुडाशी, माती चिकटलेली, फाटक्या पिशवीसारखी एक पांढरी वाटी.

ते पुस्तकात बघायची गरज नव्हती. तरी भाचीने पुस्तक उघडलं आणि पडद्याशेजारी धरलं, कारण मघापासून या खोलीत सगळ्यांना सगळं दिसत होतं. मग ती म्हणाली, "ही खायची नाही. पांढरे पापुद्रे, झालर आणि बुडाशी पिशवी. ही तिन्ही एकत्र असतील तर ती जीव घेऊ शकते असं धरूनच चालायचं. कुणी खाल्ली नाही ना? एक घाससुद्धा?"

वारा.

"मेट्रनबाई?"

"मीठ बघितलं असेल तिने," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकीणबाई. ती प्रत्येक भाजीचं मीठ बघते. चमचाभर रस्सा, एखादी फोड." मग घाईने, "पण तिला काही झालेलं नाही. छान आहे ती. खाली पोळ्या करतेय, गातेय."

"तिला आत्ता इस्पितळात घेऊन या."

"पण ती बरी..."

"बरीच वाटणार आहे. या अळंबीचं तसंच असतं. बरेच तास काही होत नाही. मग उलट्या, जुलाब, मग पुन्हा बरं वाटतं, आणि तोवर आत यकृत खराब होत असतं. उलट्या सुरू व्हायची वाट बघायची नाही. हे देठ आणि एक टोपी कागदात गुंडाळून बरोबर आणा, प्लास्टिकमध्ये नको. बाकी सगळं वेगळं काढून झाकून ठेवा, कुणी हात लावता कामा नये. मी इथे डॉक्टरांना सांगून ठेवते."

मेट्रनबाई हो म्हणाल्या. जिने उतरत असल्याचा आवाज आला. मग त्या थांबल्या.

"एकदा सरांना विचाराल का? म्हणजे, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण त्यांनी इतकं बारीक सांगितलं होतं. न पाहता कसं कुणी इतकं सांगेल?"

भाचीने वर पाहिलं. मामा आतल्या खोलीच्या दारात उभे होते. केव्हापासून, कळायला मार्ग नव्हता. एक हात भिंतीवर, मान जराशी वळलेली.

"मी विचारते," ती फोनमध्ये म्हणाली. "तुम्ही थांबू नका. निघा."

तिने आकस्मिक विभागाला फोन केला, काय खाल्लं, किती, केव्हा, आणि नमुना बरोबर येतोय, हे सगळं सांगितलं. पलीकडच्या डॉक्टरांनी एकच उलट प्रश्न विचारला, पाहिलंत तुम्ही स्वतः? हो, ती म्हणाली, आता पाहिलं. मावशी स्वतःहून उठल्या, इस्पितळाच्या दारावर थांबते, ती मंडळी चुकायला नकोत, म्हणाल्या आणि विणकाम तसंच टेबलावर टाकून गेल्या.

खोलीत दोघंच राहिले.

मामा भिंतीला हात लावत टेबलाशी आले. गळ्यातलं भिंग शर्टाच्या बटणावर एकदा वाजलं. ते पडद्याच्या दिशेने वाकले, मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

"आता आलाय?" त्यांनी विचारलं.

"आलाय."

"मघाशी नव्हता?"

"नव्हता."

"चौकटसुद्धा नव्हती?"

"नाही."

ते थोडा वेळ तसेच वाकून राहिले. पडद्याचा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला होता आणि काचांत परात, टोपी, चमचा, सगळं नीट उमटलं होतं, लहान आणि स्वच्छ.

"त्यात नख आहे का?" मामा म्हणाले. "लाल, कडेला उडालेलं?"

"नाही. हातच नाहीये कुणाचा."

"मला आत्तासुद्धा दिसतंय," ते शांतपणे म्हणाले. एखादी नोंद सांगावी तसं. "अंगठा जरा वाकडा आहे. तुझ्या आईचा होता तसा."

तिच्या आईच्या नखांना लाल रंग असायचा, आणि भांडी घासून घासून तो कडेला उडायचा. तिला जाऊन खूप वर्षं झाली होती.

संगणक वाजला. नवा नंबर होता, नवा संदेश, त्याखाली करडी चौकट आणि तिच्यात फिरणारं वर्तुळ. मामा सवयीने आवाजाच्या दिशेला वळले, चाचपत खुर्चीची पाठ शोधली आणि ती ओढायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. फोटो अजून भरलाही नव्हता, आणि ते मनात उत्तराची जुळवाजुळव करू लागले होते.

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मामा," ती म्हणाली, या खोलीत पहिल्यांदाच. "यापुढे तुम्ही फोटोंना उत्तर द्यायचं नाही. मी आत्ता संचालकांकडे जाऊन सांगणार आहे, की तुम्हाला दिसत नाही."